फोटोतली बांगडी : काच, लाख की धातू?

बांगडी हातात असली की ती कशाची हे सांगायला अभ्यास लागत नाही. टिचकी मारली की काच किणकिणते, लाख गप्प राहते, आणि धातू गार लागतो व थोडा वेळ घुमतो. फोटोत यातले काहीच मिळत नाही. रंगावर विसंबावे, तर हिरवी काच, हिरवी लाख आणि हिरवा मुलामा दिलेले पितळ एकाच छटेत बाजारात मिळतात. गेली बरीच वर्षे मी जुन्या फोटोंमधले दागिने ओळखण्याचा नाद करते आहे. त्यातून माझे मत असे झाले आहे की फोटोत रंग सगळ्यात शेवटी पाहावा. आधी उजेड त्या वस्तूवर पडून पुढे काय करतो ते पाहावे, आणि मग ती वस्तू ज्या कृतीने घडली तिची खूण शोधावी.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊनच सांगते. विदर्भातल्या एका मुलीने मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. आजी गेल्यावर तिची पेटी काकांकडे राहिली होती. वाटणीच्या वेळी काका म्हणाले, त्यात सगळे खोटेच आहे, काचा आणि पितळ. आजी आजारी असताना तिने पेटीतल्या बांगड्या पांढऱ्या चादरीवर मांडून एक फोटो काढून ठेवला होता, तेवढाच तिच्याजवळ होता. डावीकडे खिडकी, दुपारचा उजेड. आठ बारीक हिरव्या बांगड्या, एक जाड लाल आणि दोन पिवळ्या. तिचा प्रश्न साधा होता : “ताई, काका म्हणतात ते खरे का?”

पहिले काम मापाचे. हिरव्या बांगड्या आजीच्या नेहमीच्या मापाच्या, म्हणजे २-४ च्या होत्या, हे तिला ठाऊक होते. कासाराच्या भाषेत २-४ म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजेच सव्वादोन इंच आतला व्यास. मिलिमीटरमध्ये तो ५७ होतो. फोटो मोठा करून मी पडद्यावर पट्टी धरली तेव्हा तो व्यास ७६ भरला. म्हणजे पडद्यावरच्या मापाचे पाऊण केले की खरे माप मिळते. हिरव्यांची जाडी पडद्यावर ४, म्हणून खरी ३ मिलिमीटर. लाल बांगडी ९ मिलिमीटर, पिवळ्या सुमारे ७. फोटो सरळ वरून काढलेला होता म्हणून हे जमले. तिरक्या फोटोत गोल लंबगोल होतो. तेव्हा लांब बाजूचाच व्यास धरावा लागतो.

आता हिरव्या. खिडकी डावीकडे, त्यामुळे प्रत्येक बांगडीच्या डाव्या अंगाला पांढरा, टोकदार चमकेचा ठिपका होता. तो कोणत्याही गुळगुळीत वस्तूवर दिसतो, त्याला मी महत्त्व देत नाही. पण या बांगड्यांचे उजवे अंग, म्हणजे उजेडापासून दूर असलेली बाजू, डाव्यापेक्षा अधिक उजळ हिरवे होते. घन, अपारदर्शक वस्तूत असे होणे शक्य नाही. काचेत शिरलेला उजेड आत वळतो आणि पलीकडच्या अंगाशी गोळा होऊन बाहेर पडतो, म्हणून पाठ उजळते. तोच उजेड पुढे चादरीवर पडतो. या फोटोत बांगड्यांच्या सावलीच्या मधोमध हिरवट उजळ रेघ होती. माझ्या मते सावलीतली ही रेघ काचेची सगळ्यात खात्रीची खूण आहे, आणि बहुतेक लोक सावलीकडे पाहतच नाहीत.

दुसरी खूण घडणीची, आणि ती समजायला फिरोजाबादला जावे लागते. भारतात आज वापरल्या जाणाऱ्या काचेच्या बांगड्यांपैकी बहुतेक उत्तर प्रदेशातल्या या एका गावाच्या भट्ट्यांमधून येतात. वाळू, सोडा आणि रंग देणारी द्रव्ये तेराशे-चौदाशे अंशांच्या भट्टीत वितळवतात. लोखंडी सळीच्या टोकावर घेतलेल्या लालभडक गोळ्यातून काचेचा धागा ओढला जातो, आणि तो भट्टीत गरगर फिरणाऱ्या बेलनावर गुंडाळला जातो. एखाद्या पेनाच्या स्प्रिंगसारखे लांबलचक वेटोळे तयार होते. ते थंड झाल्यावर एका रेषेत काप घेतला की वेटोळ्याची कडी कडी सुटी होते. म्हणजे बांगडी जन्मताना गोल नसतेच. तिची दोन टोके एकमेकांपासून किंचित बाजूला सरकलेली असतात. पुढे ज्योतीवर ऊब देऊन ती एका पातळीत आणतात, या कामाला तिथे सधाई म्हणतात. मग टोके पुन्हा ज्योतीवर मऊ करून एकमेकांना चिकटवतात, ती जुडाई. ही कामे मोठ्या प्रमाणात घराघरांत होतात, आणि बायका ती करतात. ३० डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या ताजमहालविषयक निकालानंतर भट्ट्या कोळशावरून नैसर्गिक वायूवर गेल्या. पण घरातल्या जुडाईच्या ज्योतीसमोर बसणाऱ्या बाईचे डोळे आणि बोटे होती तिथेच राहिली.

तिच्या बोटांची सही फोटोत दिसते. जोडापाशी काच अगदी थोडी फुगलेली किंवा चेपलेली असते आणि उजेडाची रेघ तिथे अडखळते. आठपैकी तीन हिरव्या बांगड्यांवर मला हा अडखळ सापडला. बाकीच्यांचा जोड खालच्या बाजूला किंवा नक्षीखाली असावा. शिवाय सधाई कधीच शंभर टक्के होत नाही. म्हणून एकावर एक ठेवलेल्या काचेच्या बांगड्यांमध्ये कुठे ना कुठे उजेडाची फट राहते. यंत्रावरच्या धातूच्या बांगड्या मात्र शिस्तीत एकमेकींना चिकटून बसतात. या आठांमध्ये फटी होत्या. तेव्हा हिरव्या काचेच्याच. इथवर काकांचे खरे.

लाल बांगडीत उजेड वेगळा वागत होता. डावे अंग उजळ, तिथून उजवीकडे रंग हळूहळू गडद होत गेलेला, आणि सावली एकसारखी काळसर. उजेड आरपार जात नाही एवढे नक्की. पण दुधी काचही अशीच दिसते, त्यामुळे इथे जाडी उपयोगी पडली. फिरोजाबादच्या नेहमीच्या बारीक बांगडीपुढे ९ मिलिमीटर म्हणजे तिप्पट. लाखेला मात्र जाडी लागतेच, कारण लाख ठिसूळ. तिची बारीक कडी हातात भरता भरताच वाढेल. (बांगडी ‘फुटली’ असे मी अजूनही लिहू शकत नाही.)

लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्याने अंगाभोवती रचलेला राळेसारखा थर. झारखंड-छत्तीसगडात ती सर्वाधिक निघते. आपल्याकडे गोंदिया भागातही पळसावर निघते. फांद्यांवरून खरवडून, धुऊन, वितळवून ती शुद्ध करतात. जयपूरच्या मनिहारांच्या गल्लीत कारागीर त्या लाखेत राळ आणि दगडाची भुकटी मिसळून कणकेसारखा गोळा करतो आणि तो काठीच्या टोकाला लावून निखाऱ्यांवर शेकतो. त्यावर रंगीत लाखेचा कांडा फिरवला की रंगाचा पातळ थर चढतो. मग गोळा लाकडी हत्याने दाबत, लाटत त्याची लांब वळी करतात, हवी तेवढी कापतात, गरम असतानाच टोके जुळवतात आणि निमुळत्या लाकडी दांड्यावर चढवून माप देतात. लाख सत्तर-ऐंशी अंशांनाच मऊ होते, म्हणून खडे बसवायला चिकट पदार्थ लागत नाही. बांगडी शेकायची आणि खडा दाबायचा. खड्याच्या कडेला लाखेचा बारीक काठ वर आलेला दिसतो. फोटोत तो काठ शोधावा. खडा नुसता वर चिकटवलेला दिसला तर ते बहुधा प्लॅस्टिक, आणि अंगावरून साच्याची बारीक रेघ सलग गेलेली दिसली तर शंकाच नको.

या लाल बांगडीला खडे नव्हते, पण आतल्या काठावर एक टवका उडालेला होता. टवक्यात फिकट पिवळी, सरळ रेघ चमकत होती. म्हणजे आत पितळेची कडी आणि वर लाख. हैदराबादच्या लाड बाजारातल्या बांगड्यांतही धातूच्या कडीवर लाख चढवतात.

उरल्या दोन पिवळ्या, आणि खरा वाद त्यांचाच होता. धातूला स्वतःची अंगची छटा नसल्यासारखीच असते. तो आजूबाजूचे प्रतिबिंब दाखवतो. म्हणून त्यावर झगझगीत आणि जवळजवळ काळे पट्टे शेजारी शेजारी दिसतात. काच-लाखेवरची चमक पांढरी असते, सोन्या-पितळेवरची चमक स्वतःच पिवळी. या दोन्हींवर पिवळी चमक आणि चादरीचे उजळ प्रतिबिंब होते. धातू निश्चित. पुढे एका बांगडीवर पट्टे एका जागी आत वळले होते, म्हणजे तिथे पोचा होता. सात मिलिमीटर जाडीच्या भरीव पितळेला घरगुती वापरात सहसा पोचा पडत नाही, तर चिपा वा ओरखडे पडतात. पोचा पडतो तो पातळ पत्र्याला. आणि सांध्यापाशी, मोठे करून पाहिल्यावर, टाचणीच्या डोक्याएवढे भोक आणि त्यात काळसर तपकिरी काहीतरी भरलेले दिसले.

आपल्या जुन्या गोठांची घडण अशीच असे. पत्रा नळीसारखा वळवायचा, टोके सांधायची आणि आत वितळलेली लाख भरायची, म्हणजे थोड्या सोन्यात जाडजूड गोठ होतो आणि पोकळ असून सहज चेपत नाही. म्हणजे बाहेरून धातू, आतून पुन्हा लाखच. हा सगळा खटाटोप महाग धातू वाचवण्यासाठी असतो. स्वस्त पितळेसाठी एवढी यातायात सहसा कोणी करत नाही.

सोने की सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, हे फोटो सांगू शकत नाही. दोघांवर उजेड सारखाच वागतो. कॅमेऱ्याने पिवळेपणा कमीजास्त केला असेल तर पितळही सोने दिसते. म्हणून मी तिला एवढेच लिहिले की हे लाख भरलेले पोकळ गोठ आहेत, ‘खोटे’ म्हणून सोडू नकोस, कसोटीवर लावून घे. आणि दोन गोष्टी सोनाराला आधी सांग. एक, आत लाख आहे, तेव्हा थेट आच देऊ नये, नाहीतर लाख उकळून सांधा फाटतो. दुसरे, वजन दोनदा करावे, आहे तसे आणि लाख काढल्यावर.

चार महिन्यांनी तिने कळवले. काकांच्या समोरच कसोटी झाली, सोनेच निघाले. दोन्ही गोठ मिळून ५२ ग्रॅम भरले होते. लाख काढल्यावर ३८.