आधी ओटा, मग हॉल

सामानाचा टेम्पो परत गेला की घरात पन्नास-साठ खोकी उरतात आणि प्रत्येकाचा हात पहिल्यांदा हॉलकडे वळतो. सोफा लागला, टीव्ही भिंतीवर गेला की घर लागल्यासारखं वाटतं ना! पण दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये पहिले चार-पाच दिवस हॉल हेच गोदाम असू द्यावं. सगळी खोकी तिथे, आणि जी खोली लावायला घेतली असेल तिचीच खोकी आत न्यायची.

पहिल्या रात्रीपुरता एक पलंग जोडावा, बाथरूममध्ये बादली-मग ठेवावा, एवढं पुरे. फ्रिज मात्र लगेच सुरू करू नये. टेम्पोत तो आडवा आला असेल, तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये उतरलेलं असतं. ते परत खाली येईपर्यंत त्याला उभाच ठेवायचा. आडवा आणलेला फ्रिज रात्रभर थांबवलेला बरा. पुढून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला प्रवासात ड्रम हलू नये म्हणून मागे बोल्ट लावलेले असतात. ते तसेच राहिले तर कपडे पिळताना मशीन थडथडत जागा सोडतं. बोल्ट काढून पिशवीत जपून ठेवावेत, पुढच्या बदलीला लागतील.

खरं काम स्वयंपाकघराचं. डबे मांडण्याआधी रिकाम्या ट्रॉल्या बाहेर काढून मागचे कोपरे पुसावेत, झुरळांचा बंदोबस्त करावा. एकदा डाळी-तांदूळ आत गेले की ते वर्षभर होत नाही. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. रेग्युलेटर लावल्यावर नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचं पाणी लावून पाहावं. बुडबुडे आले तर गॅस गळतोय. लगेच रेग्युलेटर बंद करून गॅसवाल्याला बोलवावं. भांड्यांच्या जागा मात्र पहिल्या दिवशी ठरवू नयेत. दोन-तीन दिवस खोक्यांतूनच काढून स्वयंपाक केला, की मिसळणाचा डबा घ्यायला हात कुठे जातो आणि पोळपाट कुठून ओढावासा वाटतो हे आपोआप कळतं. कागद अंथरायचे ते त्यानंतर.

बेडरूममध्ये कपाटाची जागा निवडताना फसगत होते. आपल्याकडे पुष्कळ घरं मे महिन्यात बदलतात, शाळा सुरू व्हायच्या आत. तेव्हा भिंती कोरड्या ठणठणीत असतात. रंगाला फुगे, खालच्या बाजूला पांढरी भुकटी, किंवा एकाच पट्ट्यावर ताजा रंग दिसला, तर ती भिंत पावसाळ्यात ओल धरणार असं समजावं. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवूच नये, मागे चार बोटं हवा खेळू द्यावी. नाहीतर गणपतीत पैठणी काढताना बुरशीचा वास येतो.

हॉल शेवटी. फोटोंसाठी ड्रिल मारताना स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, भिंतीतल्या वायरी बहुतेक त्याच रेषेत गेलेल्या असतात.