एंडोमेंट की टर्म : खरी तुलना कशी लिहायची?

विमा एजंटांकडून मोबाइलवर येणारे तुलनेचे मेसेज आता बहुतेकांच्या परिचयाचे आहेत. डावीकडे एंडोमेंट, उजवीकडे टर्म आणि खाली ‘निर्णय तुमचा’. यातल्या एका प्रकारच्या मेसेजमध्ये टर्मपुढे मोठ्या अक्षरांत शून्य लिहिलेले असते, कारण मुदत संपल्यावर टर्ममधून काहीच परत मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात टर्म घेऊन उरलेले पैसे म्युच्युअल फंडात गुंतवलेले दाखवतात, वर्षाला 12 टक्के परतावा धरतात आणि एंडोमेंट घेणारा कसा फसला ते सांगतात. दोन्ही मेसेजमधला एकेक आकडा तपासला तर तो बरोबर निघू शकतो. तरीही दोन्ही तुलना अप्रामाणिक आहेत. एकात विम्याचे संरक्षण हिशेबाबाहेर ठेवले आहे, दुसऱ्यात बाजाराची जोखीम.

जो एजंट प्रामाणिकपणे लिहू पाहतो त्याने आधी हे दोन प्रकार साध्या शब्दांत मांडावेत. टर्म म्हणजे निव्वळ विमा. मुदतीत मृत्यू झाला तर वारसाला ठरलेली रक्कम मिळते, माणूस हयात राहिला तर काही मिळत नाही. म्हणूनच हप्ता कमी असतो. एंडोमेंटमध्ये विमा आणि बचत एकत्र असतात. मुदतीत मृत्यू झाला तर विमा रक्कम आणि तोवरचा बोनस, हयात राहिल्यास मुदतपूर्तीला तेच आणि कंपनीने जाहीर केला तर अंतिम बोनस. आपल्याकडच्या अनेक पारंपरिक पॉलिसींमध्ये बोनस दर हजारी विमा रकमेवर जाहीर होतो आणि तो साधा असतो, म्हणजे बोनसवर बोनस चढत नाही. पुढच्या वर्षांच्या बोनसची हमीही नसते. ‘दुप्पट पैसे मिळतात’ असे सांगताना या दोन गोष्टी बहुतेक वेळा गाळल्या जातात.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. तीस वर्षांचा, नोकरी करणारा, तंबाखू न खाणारा गृहस्थ आहे. घरात पत्नी आणि लहान मूल. घरखर्च महिना 30,000 रुपये. वर्षाला 50,000 रुपये बाजूला काढता येतात. मुदत 20 वर्षे. इथले हप्ते आणि बोनस नमुन्यादाखल धरले आहेत; प्रत्यक्षात ते कंपनी, वय आणि तब्येतीप्रमाणे बदलतील.

पहिला पर्याय एंडोमेंटचा. 50,000 रुपयांच्या हप्त्यात साधारण 10 लाखांची विमा रक्कम मिळते असे धरू. बोनस हजारी 42 रुपये म्हटला तर वर्षाला 42,000, म्हणजे वीस वर्षांत 8 लाख 40 हजार. अंतिम बोनस 60,000 धरला की मुदतपूर्तीची रक्कम 19 लाख होते. भरले 10 लाख, मिळाले 19 लाख. मेसेजमध्ये हे फार छान दिसते. पण पैसे एकरकमी भरलेले नाहीत. पहिला हप्ता वीस वर्षे कंपनीकडे राहिला, शेवटचा एकच वर्ष. हे लक्षात घेऊन व्याजाचा दर काढला तर तो वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्या किंचित वर येतो. स्प्रेडशीटमध्ये पुढच्या एका ओळीत हा दर निघतो:

```
=RATE(20,-50000,0,1900000,1)
```

शेवटचा 1 म्हणजे हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरला. ‘दुप्पट’ या शब्दाच्या शेजारी हा दर लिहिला की वाचणारा आपल्या मुदत ठेवीशी तो स्वतःच ताडून पाहतो.

दुसरा पर्याय 1 कोटीच्या टर्मचा. त्याचा हप्ता 12,000 रुपये धरू. उरलेले 38,000 दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला पीपीएफमध्ये टाकायचे. पीपीएफच का? एंडोमेंटमध्ये बाजाराची थेट जोखीम ग्राहकावर नसते, म्हणून समोरचे साधनही तसेच सुरक्षित हवे. पीपीएफचा दर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के आहे. तो सरकार बदलू शकते, हेही लिहायला हवे. पीपीएफची मुदत 15 वर्षांची, पुढे पाच वर्षांनी वाढवता येते. हा दर वीस वर्षे टिकला तर हाती सुमारे 16 लाख 87 हजार येतात.

म्हणजे गृहस्थ हयात राहिला तर दुसऱ्या पर्यायात त्याच्या हाती दोन लाखांहून थोडे अधिक रुपये कमी पडतात. टर्मची बाजू घेणारे नेमकी हीच ओळ गाळतात. 12 टक्के धरले की 38,000 चे 30 लाखांवर जातात आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण ते 12 टक्के कुणी दिलेले वचन नाही. ते एंडोमेंटच्या रकमेशेजारी मांडणे म्हणजे जोखीम असलेल्या आणि नसलेल्या पैशाला एकच माप लावणे.

आता दुसरी बाजू. पाच हप्ते भरून झाल्यावर गृहस्थाचा मृत्यू झाला तर? एंडोमेंटमध्ये कुटुंबाला 10 लाख आणि 2 लाख 10 हजार बोनस, असे 12 लाख 10 हजार मिळतात. 30,000 च्या घरखर्चाला हे पैसे तीन वर्षे चार महिने पुरतात. मूल तोवर प्राथमिक शाळेतही पुरते स्थिरावलेले नसेल. दुसऱ्या पर्यायात 1 कोटी आणि पीपीएफमधले सुमारे 2 लाख 34 हजार. वीस वर्षांनंतरच्या दोन लाखांच्या फरकाच्या बदल्यात या घराला वर्षानुवर्षे 90 लाखांचे जास्तीचे संरक्षण मिळाले होते. हे दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात आले की तुलना खरी होते. पुढचा निर्णय वाचणाऱ्याचा.

यावर चांगला एजंट स्वतःच एक आक्षेप घेईल : दोन्हीकडे विमा रक्कम सारखी कुठे आहे? बरोबर आहे. म्हणून एकदा ती सारखी करून पाहावी. 2021 पासून मिळणाऱ्या ‘सरल जीवन बीमा’ या प्रमाणित टर्म योजनेत 5 ते 25 लाखांपर्यंत विमा मिळतो. त्यात 10 लाखांचा हप्ता 4,000 रुपये धरला तर पीपीएफला 46,000 उरतात आणि वीस वर्षांनी सुमारे 20 लाख 40 हजार होतात. विमा तेवढाच, पैसे एंडोमेंटपेक्षा दीडेक लाख जास्त. या उदाहरणात दोन्हीकडची मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त आहे, तेव्हा कराचा मुद्दा आणून वाचणाऱ्याला गोंधळात टाकायचे कारण नाही.

इथवर वाचून टर्म सरळ जिंकली असे वाटेल. मला तरी कमावत्या, घर अवलंबून असलेल्या माणसासाठी तीच योग्य वाटते. पण तुलना प्रामाणिक ठेवायची तर हे सगळे कुठे मोडते तेही लिहावे लागते. हा हिशेब उभा आहे तो दरवर्षी न चुकता भरल्या जाणाऱ्या 38,000 वर. पीपीएफला वर्षाला 500 रुपये भरले तरी खाते चालू राहते. बाकीचे न भरल्याबद्दल कुणी विचारत नाही. लग्नकार्य निघते, गाडी घेतली जाते, आणि उरलेले पैसे उरतच नाहीत. अशा माणसाला वीस वर्षांनी टर्मचे 2 लाख 40 हजार गेलेले दिसतात आणि हाती थोडेच असते. एंडोमेंटचा हप्ता चुकला तर पॉलिसी बंद पडायची भीती असते, आणि त्या भीतीने कित्येक घरांत बचत झाली आहे. त्याच वेळी हेही सांगावे की तिसऱ्या-चौथ्या वर्षी एंडोमेंट मोडली तर बहुधा भरल्यापेक्षा कमी हाती येते. ऑक्टोबर 2024 पासून नियम सुधारले आणि एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेल्यालाही पॉलिसीचे एक वर्ष झाल्यावर काही सरेंडर मूल्य मिळू लागले, पण तोटा उरतोच.

दुसरी अडचण टर्म मिळण्याची. 1 कोटीचा विमा देताना कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते, वैद्यकीय तपासण्या करते. पगाराची स्लिप असलेल्याला हे सोपे असते. शेतकरी, रिक्षाचालक, घरगुती डबे करून देणाऱ्या ताई यांचे उत्पन्न खरे असले तरी कागदावर नसते. त्यांना 1 कोटीची जाहिरात पाठवणे म्हणजे न मिळणारी गोष्ट दाखवणे. त्यांच्यासाठी तुलना 10 किंवा 25 लाखांच्या टर्मशीच करावी.

मग एजंटाच्या स्वतःच्या हिताचे काय? पारंपरिक पॉलिसीत कमिशनचे प्रमाण पहिल्या वर्षी सर्वांत मोठे असते. समजा ते दोन्हीकडे 25 टक्के धरले, तर 50,000 च्या एंडोमेंटवर एजंटाला 12,500 मिळतात आणि 12,000 च्या टर्मवर 3,000. मेसेज एंडोमेंटकडे का झुकतात याचे उत्तर बरेचसे या फरकात आहे. कमिशन घेणे गैर नाही. प्रस्ताव भरण्यापासून दाव्याच्या वेळी कागद गोळा करण्यापर्यंत एजंट राबतो. पण ‘या दोन्हींवर मला कमिशन मिळते, एंडोमेंटवर जास्त’ ही एक ओळ तुलनेच्या शेवटी टाकणाऱ्या एजंटावर लोक विश्वास ठेवतील. त्या कमिशनमधला वाटा ग्राहकाला परत देण्याचे आमिष मात्र दाखवता येत नाही. विमा कायदा 1938 च्या कलम 41 ने त्याला बंदी आहे आणि दंड 10 लाखांपर्यंत होऊ शकतो.

लिहिणाऱ्याने आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. कंपनीचे किंवा योजनेचे नाव घेऊन जाहिरात करायची तर कंपनीची आधी लेखी मंजुरी लागते. आणि मजकुरावर तारीख हवी. आयुर्विम्याच्या वैयक्तिक पॉलिसींवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला, तरी टर्मच्या हप्त्यात 18 टक्के कर मिळवलेले जुने तक्ते अजून फिरत असतात.

वाचणाऱ्याने काय करावे? एजंटकाकांकडे ‘बेनिफिट इलस्ट्रेशन’ मागावे. बोनस देणाऱ्या पॉलिसीत त्यात 4 आणि 8 टक्के अशा दोन गृहीतकांचे स्तंभ असतात. मेसेजमध्ये बहुधा 8 चाच स्तंभ येतो, आणि ते 8 टक्के खर्च वजा जाण्यापूर्वीचे असतात, तुमच्या हाती पडणारे नाहीत. दोन्ही स्तंभ पाहा आणि माझा खरा दर किती पडतो, हे विचारा. सही झाली असली तरी पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. त्या दिवसांपुरता विम्याचा खर्च, तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा होऊन बाकी हप्ता परत मिळतो.