विजेची स्कूटर : आठ महिन्यांचा जमाखर्च

गेल्या फेब्रुवारींत आमच्या सातारच्या घरीं विजेची स्कूटर आली, तेव्हां घरांत दोन पक्ष पडले. माझे धाकटे बंधु म्हणाले, "अण्णा, पेन्शनींतून साठविलेले सव्वा लाख रुपये तुम्हीं एका खेळण्यावर घातलेत." चिरंजीव व सूनबाई माझ्या पक्षाचीं होतीं, आमचें कुटुंब तटस्थ राहिलें. हा वाद तोंडानें मिटविण्यापेक्षां वहीनें मिटवावा असें मनाशीं ठरवून मीं पहिल्या दिवसापासून प्रत्येक फेरी व प्रत्येक खर्च टिपून ठेविला. आठ महिन्यांत गाडी ४,००० किलोमीटर चालली. त्या वहींतील सार येथें देत आहें.

पहिला प्रश्न, एकदां बॅटरी भरली म्हणजे गाडी किती चालते? विक्रीच्या पत्रकांत १२० किलोमीटर छापलेले आहेत. हा आंकडा खोटा नाहीं, पण तो ठराविक वेगानें व ठराविक ओझ्यानें घेतलेल्या परीक्षेचा आहे. आमच्या गाडीच्या बॅटरींत ३ युनिट वीज मावते. हें युनिट म्हणजे आपल्या वीजबिलांतलेंच. मी एकटा असलों आणि ताशीं चाळीसच्या आंत चाललों, तर तेवढ्यावर ९५ किलोमीटर होतात. पाठीमागें कोणी बसलें तर ८५. चिरंजीव कचेरीला उशीर झाला म्हणून साठच्या वेगानें नेतात, तेव्हां ७०. वेग वाढला कीं वाऱ्याचा विरोध वेगाच्या मानापेक्षां कितीतरी अधिक वाढतो, आणि त्याचा भार बॅटरीला सोसावा लागतो. म्हणून माझा हिशोब असा कीं, छापील आंकड्याचा दोनतृतीयांश धरावा आणि त्यांतूनही शेवटचा दहावा हिस्सा सोडून द्यावा. कारण तेथें पोंचल्यावर आमची गाडी आपण होऊन वेग कमी करते.

पडद्यावर "उरलेले किलोमीटर" दिसतात, त्यांवर मात्र डोळे झांकून विश्वास ठेवूं नये. हा धडा आम्हीं सज्जनगडाच्या वाटेवर घेतला. घरापासून गडाच्या पायऱ्यांपर्यंत सुमारें १५ किलोमीटर, आणि शेवटचा भाग चढाचा. आम्ही उभयतां निघालों तेव्हां बॅटरी ६० टक्के होती. वर पोंचलों तेव्हां ३५. पडदा सांगूं लागला कीं आतां २१ किलोमीटर उरले. परत जायला १५ हवेत, आणि वाटेंत एखादें वळण घ्यावें लागलें तर? आमच्या कुटुंबाचें लक्ष समाधीच्या दर्शनांत कांहीं लागेना. वास्तविक पडद्याला पुढील रस्ता दिसत नाहीं. मागील कांहीं किलोमीटरांत जसा खर्च झाला तसाच पुढें होईल, एवढेंच तो धरून चालतो. चढावर गाडी व दोन माणसें मिळून अडीचशें किलोंचें ओझें उचलावें लागलें, त्याचा खर्च त्यानें उतारालाही लावला. प्रत्यक्षांत उतरतांना मोटर अगदीं थोडी चालली, ब्रेक लावतांना थोडी वीज परतही मिळाली, आणि घरीं आलों तेव्हां २३ टक्के शिल्लक होती. जातांना २५ व येतांना १२, मिळून ३० किलोमीटरांना ३७ टक्के. म्हणजे पूर्ण बॅटरीला ८१ किलोमीटर. नेहमींच्या ८५ पेक्षां फारसे कमी नाहींत. तेव्हांपासून आमचा नियम असा आहे कीं, डोंगराच्या वाटेला पडदा न पाहतां टक्के पाहावेत, आणि जाण्याचा व येण्याचा खर्च निराळा लिहून ठेवावा.

आतां खर्च. तीन युनिटांची बॅटरी भरावयास भिंतींतून तीनच युनिट जात नाहींत. चार्जर तापतो, त्यांत कांहीं वीज जाते. स्वतंत्र मीटर लावून पाहिलें तेव्हां ३.४ युनिट भरले. सरासरीनें एका युनिटांत २५ किलोमीटर, म्हणजे महिन्याच्या ५०० किलोमीटरांना २० युनिट. येथें पुष्कळ लोक चूक करतात. ते बिलाची रक्कम एकूण युनिटांनीं भागून दर काढतात. आमच्या घरीं स्कूटर येण्यापूर्वींच महिना २२० युनिट लागत. तेव्हां हीं वीस युनिटें स्वस्त अशा पहिल्या शंभरांत पडत नाहींत, तर त्यापुढील तीनशेंपर्यंतच्या महाग टप्प्यांत पडतात. सर्व आकार धरून तें युनिट आम्हांस १५ रुपयांस पडतें, म्हणजे किलोमीटरला ६० पैसे. ज्यांचें बिल आधींच २९० युनिटांचें आहे, त्यांचें यापेक्षांही महाग पडेल. जुनी पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देई. १०५ रुपयांच्या भावानें किलोमीटरला २ रुपये ३३ पैसे. आठ महिन्यांची बचत ६,९२० रुपये झाली. तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षां ही २५,००० रुपये महाग पडली होती. या गतीनें ते फिटावयास एकूण २९ महिने लागतील. ज्यांचा प्रवास महिन्याला दोनशें किलोमीटरांचाच आहे, त्यांनीं हा हिशोब घेण्यापूर्वींच मांडावा.

परंतु खरी कसोटी लागली ती दुकानाशीं. जुलैंत एका सकाळीं चार्जरचा दिवा लागेना. दुकानदार म्हणाले, "तुमच्या घरचें अर्थिंग वाईट आहे." मला तो टाळाटाळीचा बहाणा वाटला, तरी वायरमनला बोलाविलें. त्यानें फेज आणि अर्थिंग यांमध्यें मीटर धरला, तर २३० च्या आसपास यावयाचे तेथें १४० व्होल्ट आले. जुन्या वाड्याचें अर्थिंग खरोखरच निकामी झालें होतें. तें नवें करून घेतलें आणि खर्च घराच्या खातीं टाकला, कारण धोका स्कूटरपेक्षां घरच्या माणसांस अधिक होता. पण चार्जर तरीही मुकाच. मग तीच गाडी दुकानाच्या चार्जरवर लाविली, तर भरूं लागली! म्हणजे दोष बॅटरींत नसून चार्जरमध्येंच होता. ही परीक्षा पांच मिनिटांची. ती पहिल्या दिवशींच मागावयास हवी होती. हमीखालीं नवा चार्जर फुकट मिळाला, पण तो येण्यास १७ दिवस लागले. पहिले नऊ दिवस तर तक्रार तोंडीच राहिली होती. जॉबकार्ड करवून त्यावर तारीख व दोष लिहून घेतला, तेव्हां कोठें मागणी कंपनीकडे गेली.

म्हणून गाडी घेऊं पाहणारांस माझी सूचना एवढीच कीं, दुकानाच्या पुढच्या कांचेंतून गाडी पाहून झाली कीं मागच्या कारखान्यांत जावें, तेथें दुरुस्तीस उभ्या असलेल्या गाड्या मोजाव्यात, आणि त्यांच्या धन्यांस त्या किती दिवसांपासून तेथें आहेत तें विचारावें. पत्रकांत न छापलेला हा आंकडा सर्वांत महत्त्वाचा आहे.

ही वही परवां बंधूंच्या हातीं दिली. त्यांनीं ती शेवटपर्यंत वाचली, खिशांतलें पेन काढलें आणि बचतीच्या रकमेखालीं आपल्या अक्षरांत लिहिलें : "वजा, नातीच्या शाळेची रिक्षा, १४ दिवस, रोज १२० प्रमाणें, १,६८० रुपये. निव्वळ बचत ५,२४०." हिशोब बरोबर होता, मीं खालीं सही केली. मग त्यांनीं बाजारांत जावयाचें म्हणून स्कूटरची किल्ली मागितली.