‘रोज’ म्हणजे शनिवारीही का?

जूनमध्ये शाळा उघडते, विदर्भात थोडी उशिरा, आणि पहिल्या आठवड्यात पर्यवेक्षकांचा वेळापत्रकाचा मजकूर शिक्षकांच्या मोबाइलवर येतो. घाईत टाइप केलेला, सगळा वाक्यांत. ज्याने लिहिला त्याला तो अगदी स्पष्ट वाटतो, कारण शाळेची घंटा त्याच्या डोक्यात पक्की बसलेली असते. पण वर्गाच्या दारावर लावायला वार आणि तासिकांचा तक्ता लागतो. तो करण्याचे काम बहुधा ज्याला ‘कॉम्प्युटर येतो’ अशा तरुण शिक्षकाच्या गळ्यात पडते. सगळ्यांना ते नुसते उतरवून काढण्याचे काम वाटते, पण तसे ते नाही.

नमुन्यादाखल एका वर्गाचा मजकूर घेऊ. शाळा आणि नावे कल्पित आहेत, वाक्यांची धाटणी मात्र कुठल्याही शिक्षकाला ओळखीची वाटेल:

“आठवी अ – गणित रोज पहिला तास, शनिवारी मात्र सुट्टीनंतरचा. मराठी सोम ते गुरु दुसरा, शुक्रवारी शेवटचा, शनिवारी पहिला. इंग्रजी रोज सुट्टीआधीचा. विज्ञान (शेख मॅडम) सोम-बुध-शुक्र तिसरा, मंगळ-गुरु सुट्टीनंतर लागोपाठ दोन तास प्रयोगशाळेत. खेळ बुध व शुक्र शेवटचा.”

एकही विषय भरण्याआधी रिकामी चौकट आखावी लागते, आणि तिच्यासाठी घंटा माहीत असावी लागते. आपल्या शाळेत सोमवार ते शुक्रवार आठ तासिका आहेत आणि मधली सुट्टी चौथ्या तासानंतर होते. शनिवारी सकाळची शाळा, पाच तासिका, सुट्टी तिसऱ्यानंतर. म्हणजे आठवड्याची घरे ४५. एवढे समजले की ‘सुट्टीनंतरचा’ म्हणजे एरवी पाचवा आणि शनिवारी चौथा, ‘शेवटचा’ म्हणजे एरवी आठवा आणि शनिवारी पाचवा, हे ठरते. म्हणूनच डावीकडच्या रकान्यात तासांचे क्रमांक लिहावेत, घड्याळाच्या वेळा लिहू नयेत. शनिवारच्या वेळा वेगळ्या असतात, त्या एका ओळीत बसत नाहीत.

आता वाक्ये. ‘रोज’ या शब्दात शनिवार धरायचा का? गणिताच्या वाक्यात ‘शनिवारी मात्र’ असा अपवाद आहे, म्हणजे तिथे रोजमध्ये शनिवार आहेच. इंग्रजीच्या वाक्यात अपवाद नाही, तेव्हा शनिवारी तिसरा तास इंग्रजीचा असावा. पण हा झाला अंदाज. दुसरी अडचण त्या बारीकशा आडव्या रेघेची. ‘सोम-बुध-शुक्र’ हे उघडच तीन सुटे वार आहेत. ‘मंगळ-गुरु’ म्हणजे मंगळवार आणि गुरुवार, की मंगळवार ते गुरुवार? पहिला अर्थ घेतला तर विज्ञानाच्या सात तासिका होतात आणि दुसरा घेतला तर नऊ. अशा वेळी मजकूर दहादा वाचून काही निघत नाही. विषयवार तासिकांची विभागणी, म्हणजे कोणत्या विषयाला आठवड्याला किती तासिका दिल्यात तो कागद, काढून बघावा. त्यात आठवी अ ला विज्ञानाच्या सात आणि इंग्रजीच्या सहा आहेत असे धरू. दोन्ही शंका एकदमच मिटल्या. ज्या शाळेत हा कागद नसतो, तिथे फोन करण्यावाचून गत्यंतर नाही.

पाचही वाक्ये चौकटीत बसवली की तक्ता असा दिसतो:

| तास | सोम | मंगळ | बुध | गुरु | शुक्र | शनि |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | गणित | गणित | गणित | गणित | गणित | मराठी |
| २ | मराठी | मराठी | मराठी | मराठी | ? | ? |
| ३ | विज्ञान | ? | विज्ञान | ? | विज्ञान | इंग्रजी |
| ४ | इंग्रजी | इंग्रजी | इंग्रजी | इंग्रजी | इंग्रजी | गणित |
| ५ | ? | विज्ञान | ? | विज्ञान | ? | ? |
| ६ | ? | विज्ञान | ? | विज्ञान | ? | – |
| ७ | ? | ? | ? | ? | ? | – |
| ८ | ? | ? | खेळ | ? | मराठी / खेळ | – |

पाच विषयांच्या तासिका होतात २७, आणि भरलेली घरे २६. कारण शुक्रवारचा आठवा तास मराठीलाही दिलाय आणि खेळालाही. मूळ मजकुरात ही दोन वाक्ये एकमेकांपासून लांब पडली होती, म्हणून लिहिताना ते लक्षात आले नाही. इथे मोह होतो तो शुक्रवारच्या रिकाम्या दुसऱ्या तासाला मराठी सरकवण्याचा. बसतेही छान. पण ते घर हिंदीसाठी किंवा इतिहासासाठी राखलेले असू शकते, आणि मराठीच्या बाई त्या तासाला दुसऱ्या तुकडीवर असू शकतात. तक्ता करणाऱ्याने घरात दोन्ही नावे लिहून पर्यवेक्षकांना विचारावे. स्वतः निकाल देऊ नये. प्रश्नचिन्हांचेही तसेच: उरलेली १९ घरे बाकीच्या विषयांची वाक्ये घातल्यावर भरतील, आणि तरीही जे घर उरेल ते रिकामेच दिसले पाहिजे.

सगळ्यात चिवट चूक मात्र एका वर्गाच्या तक्त्यात दिसतच नाही. समजा आठवी ब च्या मजकुरात लिहिलेय, “विज्ञान, शेख मॅडम, मंगळवारी सहावा.” आठवी ब चा तक्ता निर्दोष आहे आणि आठवी अ चाही. पण मंगळवारी सहाव्या तासाला शेख मॅडम आठवी अ बरोबर प्रयोगशाळेत आहेत. ‘सुट्टीनंतर लागोपाठ दोन तास’ या शब्दांत सहाव्याचा उल्लेख नाही, म्हणून तो नजरेतून सुटतो. असा भिडलेला तास शोधायचा तर शिक्षकवार बघावे लागते. दोन-तीन वर्ग असतील तर तक्ते शेजारी ठेवून तेच घर सगळीकडे तपासता येते. दहा-बारा तुकड्या झाल्या की डोळे दगा देतात.

तेव्हा वाक्यांवरून थेट तक्त्यावर जाण्यापेक्षा मध्ये एक यादी करावी. स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने: वर्ग, वार, तास, विषय, शिक्षक. एका तासिकेला एक ओळ. ‘गणित रोज’ या दोन शब्दांच्या सहा ओळी होतात. कंटाळवाणे आहे खरे, पण संदिग्ध शब्द इथेच अडतात, कारण ‘रोज’ असे लिहायला रकानाच नाही. मग सहाव्या रकान्यात हे सूत्र घालून खालपर्यंत ओढायचे:

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,C2,E:E,E2)
```

त्याच वारी, त्याच तासाला, तेच शिक्षक किती ओळींत आहेत ते कळते. १ असेल तर ठीक, २ आले की भिडंत. B, C, E ऐवजी A, B, C घेतले की एका वर्गाला एकाच तासाला दोन विषय आहेत का ते दिसते. मात्र ‘शेख मॅडम’ एका ओळीत आणि ‘शेख मॅम’ दुसऱ्या ओळीत असेल, तर संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बाई आणि सगळीकडे निवांत १. शिक्षकाचा रकाना रिकामा सोडला तरी ही तपासणी लंगडी पडते.

काही वेळा २ येणे बरोबरच असते. खेळाच्या तासाला दोन तुकड्या मैदानावर एकत्र असतात आणि सर एकच. काही शाळांत हिंदी आणि संस्कृत घेणारी मुले एकाच तासाला वेगळ्या खोल्यांत बसतात, तिथे एका घरात दोन विषय खरोखरच असतात. असे अपवाद यादीत शेरा मारून ठेवावेत, नाहीतर पुढच्या वेळी कोणीतरी ‘चूक’ म्हणून दुरुस्त करतो.

यादीवरून तक्ता भरताना सूत्र वापरणार असाल तर एक खोच आहे. VLOOKUP सारखी सूत्रे पहिली जुळणारी नोंद दाखवून थांबतात. शुक्रवारच्या आठव्या तासाला नुसते ‘मराठी’ दिसेल, खेळ गुपचूप गायब होईल आणि तक्ता स्वच्छ वाटेल. दुहेरी घरे आधी काढून टाकल्याशिवाय ती वापरू नयेत. जुलैत कोणाची बदली झाली की दुरुस्ती आधी यादीत करायची, तक्ता त्यावरून पुन्हा काढायचा आणि कोपऱ्यात ‘लागू दिनांक’ घालायचा, म्हणजे दारावरचा कागद जुना की नवा यावर स्टाफरूममध्ये वाद होत नाही.