ओईई : बाटल्या मोजा, मिनिटंही मोजा

इंडस्ट्रियल व्हिजिटला सातपूर-अंबडच्या कुठल्याही कंपनीत गेलात, की शॉपफ्लोअरवर एक बोर्ड हमखास दिसतो. त्यावर शिफ्टचं नाव आणि पुढे 'ओईई : ७४%' असं काहीतरी खडूने लिहिलेलं असतं. आपण मान डोलावतो आणि कॅन्टीनकडे वळतो. मी ट्रेनिंगला बॉटलिंग लाइनवर होतो, तेव्हा मात्र हा आकडा पीएलसीतून कसा काढतात ते नीट बघायला मिळालं. व्हायव्हात 'ओईई म्हणजे अव्हेलेबिलिटी गुणिले परफॉर्मन्स गुणिले क्वालिटी' एवढं सांगून सुटता येतं. खरी गंमत त्यापुढे आहे.

सेइची नाकाजिमा या जपानी गृहस्थांनी टीपीएम नावाची देखभालीची पद्धत मांडली. १९७१ साली निप्पॉनडेन्सोमध्ये ती गाजली आणि तिच्याबरोबर ओईईही जगभर गेलं. मशीन चालायला हवं होतं त्यापैकी किती वेळ चाललं, चालताना किती वेगाने चाललं, आणि निघालेल्या मालातला चांगला किती, असे हे तीन प्रश्न आहेत. सगळेजण ८५ टक्के हे ध्येय सांगतात, तेही तिथूनच आलंय. ९०, ९५ आणि ९९ टक्क्यांचा गुणाकार केला की जवळपास ८५ येतात.

आता लाइन डोळ्यासमोर आणा. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि त्यानंतर नाशिकच्या आसपास वायनरीज वाढल्या, त्यामुळे आपल्याकडे काचेच्या बाटलीची लाइन बघायला लांब जावं लागत नाही. रिकामी बाटली आधी धुतली जाते, मग फिलरमध्ये भरते, कॉर्क बसतो, पुढे लेबल लागतं आणि शेवटी ती खोक्यात जाते. मधे सगळीकडे कन्व्हेयर. यात फिलर हा मुख्य गडी. लाइन डिझाइन करतानाच फिलरचा वेग सगळ्यात कमी ठेवतात आणि त्याच्या मागची-पुढची मशीन्स थोडी जास्त वेगाची घेतात. म्हणजे फिलरला बाटली कमी पडू नये आणि पुढे गर्दीही होऊ नये. म्हणून लाइनचं ओईई फिलरवर मोजायचं. लेबल मशीन दिवसातून दहा वेळा थांबलं तरी फिलर थांबला नसेल, तर उत्पादन एका बाटलीनेही बुडालेलं नसतं.

एक शिफ्ट घेऊ. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे मी धरलेत. शिफ्ट ४८० मिनिटांची, त्यात जेवण-चहाची ३० मिनिटं ठरलेली, म्हणजे नियोजित वेळ ४५० मिनिटं. फिलरचा ठरलेला वेग ७५० मिलीच्या बाटलीला मिनिटाला १००. शिफ्ट संपल्यावर पीएलसी सांगतो की भरलेल्या बाटल्या ३३,६००, त्यातल्या बाद ४२०, चांगल्या ३३,१८०. फिलर एकूण १०० मिनिटं थांबला. त्यातली ३४ मिनिटं फिलरच्याच बिघाडात गेली, २६ माल बदलण्यात, २२ मागून बाटली न आल्यामुळे आणि १८ पुढे जागा नसल्यामुळे. फिलर चालला ३५० मिनिटं.

अव्हेलेबिलिटी ३५० भागिले ४५०, म्हणजे ७७.८ टक्के. ३५० मिनिटांत ३५,००० भरायला हव्या होत्या, भरल्या ३३,६००, म्हणून परफॉर्मन्स ९६ टक्के. क्वालिटी ९८.७५ टक्के. गुणाकार ७३.७ टक्के.

हाच आकडा दुसऱ्या रस्त्याने काढून बघा. ४५० मिनिटांत जास्तीत जास्त ४५,००० चांगल्या बाटल्या निघू शकल्या असत्या. निघाल्या ३३,१८०. भागाकार केला की ७३.७ टक्केच. म्हणजे ओईईला फक्त तीन गोष्टी लागतात : चांगल्या बाटल्या, ठरलेला वेग आणि नियोजित वेळ. मशीन कधी थांबलं, का थांबलं, याची गरजच नाही! मग स्टेट्स कशाला मोजायच्या? आकडा काढायला नव्हे, तर बुडालेल्या ११,८२० बाटल्या कुणाच्या खात्यावर टाकायच्या ते ठरवायला. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं सोपं होतं.

उदाहरणार्थ, छोटे थांबे. बऱ्याच ठिकाणी दोन मिनिटांच्या आतला थांबा 'थांबा' धरत नाहीत. आपल्या १०० मिनिटांत अशी १४ मिनिटं असतील तर चालण्याचा वेळ ३६४ मिनिटं होतो. अव्हेलेबिलिटी ८०.९ वर चढते, परफॉर्मन्स ९२.३ वर उतरतो आणि ओईई तेच ७३.७ राहतं. त्यामुळे मर्यादा दोन मिनिटं की पाच, यावर भांडण्यात अर्थ नाही. ती सगळ्या शिफ्टला सारखी असली म्हणजे झालं.

भांडायचं असेल तर नियोजित वेळेवर भांडावं. 'बाटली आली नाही आणि पुढे जागा नव्हती, यात फिलरचा काय दोष?' असं म्हणत एखादी शिफ्ट ती ४० मिनिटं नियोजित वेळेतूनच वजा करते. मग ४१० मिनिटांवर हिशेब होतो आणि तेच ३३,१८० बाटल्यांचं काम ८०.९ टक्के दिसतं. बोर्डावर ही शिफ्ट हुशार, दुसरी आळशी. प्रत्यक्षात गोडाउनमध्ये दोघांचा माल सारखाच. फिलर स्वतः किती भरवशाचा आहे हे बघायला ४१० वरचा हिशेब जरूर काढावा, पण त्याला लाइनचं ओईई म्हणू नये. लाइनच्या हिशेबात ती ४० मिनिटं राहिलीच पाहिजेत, फक्त वेगळ्या नावाने. पॅकेजिंग मशीन्ससाठी पॅकएमएल नावाची प्रमाणित पद्धत आहे. तिच्यातही मशीन स्वतःच्या कारणाने थांबलं तर 'हेल्ड' आणि मागच्या-पुढच्या मशीनमुळे थांबलं तर 'सस्पेंडेड' अशा दोन वेगळ्या स्टेट्स आहेत.

आता पीएलसीला हे कारण कळणार कसं? फिलरच्या मागे-पुढे कन्व्हेयरवर सेन्सर असतात. मागचा बराच वेळ रिकामा दिसला तर बाटली नाही, पुढचा बराच वेळ झाकलेला राहिला तर पुढे तुंबलंय. इथे कन्व्हेयरचा साठा विसरू नका. फिलर आणि लेबल मशीनच्या मधे २०० बाटल्यांची जागा असेल, तर लेबल अडकल्यावर फिलरला दोन मिनिटं काही कळतच नाही. नंतर लेबल मशीन मिनिटाला १२० ने धावलं तरी तो साठा दर मिनिटाला २० नेच कमी होतो, म्हणजे पूर्ण मोकळा व्हायला १० मिनिटं. त्या १० मिनिटांत लेबल पुन्हा अडकलं, तर फिलर आधीपेक्षा लवकर थांबतो. दिवसभरात लेबल अडकण्याचे दोन प्रसंग सारखेच लांब असून एकाने उत्पादन बुडतं आणि दुसऱ्याने नाही, त्याचं कारण हे.

खरा घोळ यानंतर होतो. पुढे तुंबल्यामुळे फिलर थांबतो. ऑपरेटर काका म्हणतात, थांबलाच आहे तर जरा नॉझल पुसून घेऊ, आणि ते गार्डचं दार उघडतात. दार उघडलं की 'फॉल्ट' बिट वर येतो. प्रोग्रॅममध्ये 'फॉल्ट असेल तर आधी फॉल्ट मोजा' एवढंच लिहिलं असेल, तर तिथून पुढची सगळी मिनिटं फिलरच्या नावावर पडतात. संध्याकाळी बोलणी फिलरच्या काकांना आणि लेबल मशीन नामानिराळं! यावर उपाय असा, की मशीन थांबलं त्या क्षणी जे कारण होतं ते धरून ठेवायचं आणि पुन्हा चालू होईपर्यंत बदलायचं नाही.

```
IF Running THEN
  Cause := 0;
ELSIF Cause = 0 OR Cause = 9 THEN
  IF Fault THEN Cause := 1;
  ELSIF Changeover THEN Cause := 4;
  ELSIF Blocked THEN Cause := 2;
  ELSIF Starved THEN Cause := 3;
  ELSE Cause := 9;
  END_IF;
END_IF;
IF Pulse1s AND Planned THEN
  Sec[Cause] := Sec[Cause] + 1;
END_IF;
```

९ म्हणजे कारण माहीत नाही. कारणाचा बिट एखादा स्कॅन उशिरा आला तर ९ च्या जागी खरं कारण बसतं. पण ९ च्या खात्यात रोज बरीच मिनिटं साचत असतील, तर एखादा सेन्सर जोडायचा राहिलाय किंवा माल बदलताना ऑपरेटर एचएमआयवर बटण दाबत नाही असं समजावं. Pulse1s हा सेकंदाला एकाच स्कॅनपुरता यायला हवा, नाहीतर मिनिटं भराभर वाढतात. आणि Running मोटरच्या कॉन्टॅक्टरवरून घेऊ नका. बाटली नसताना फिलरच्या तोंडाशी असलेलं गेट बंद होतं, पण वरचं चाक रिकामंच फिरत राहू शकतं. ड्राइव्ह चालू आणि गेट उघडं, दोन्ही असेल तरच मशीन चालतंय म्हणायचं.

आता काउंटर. मिनिटाला १०० म्हणजे ६०० मिलिसेकंदाला एक बाटली, पीएलसीच्या स्कॅनला हे काहीच नाही. अडचण वेगळीच आहे. कन्व्हेयरवर बाटल्या एकमेकींना चिकटून जातात, त्यामुळे पोटाच्या उंचीवर सेन्सर लावला तर दोन बाटल्यांत फट दिसत नाही आणि चार मिळून एक मोजली जाते. म्हणून मोजणीचा सेन्सर मानेच्या उंचीवर लावतात, तिथे फट मोठी असते.

दुसरी गोष्ट, १६ बिटचा काउंटर ३२,७६७ पर्यंतच जातो. आपली शिफ्ट ३३,६०० ची! काही पीएलसीत तो तिथेच अडकून राहतो, काहीत उणे आकडा दाखवतो. ३२ बिटचा घ्या आणि शिफ्टला शून्य करू नका. शिफ्ट सुरू होताना आणि संपताना पीएलसीच्याच घड्याळाने आकडा टिपून वजाबाकी करा. शून्य करणाऱ्याचं बटण दोन मिनिटं उशिरा दाबलं गेलं, की २०० बाटल्या दुसऱ्याच शिफ्टच्या होतात.

वेगाचंही एक पथ्य आहे. परफॉर्मन्सचा ठरलेला वेग ऑपरेटरने एचएमआयवर टाकलेला नसावा, प्रत्येक बाटलीच्या मापासाठी आधीच नोंदलेला असावा. नाहीतर कुणी वेग ८० वर आणला की परफॉर्मन्स १०० टक्के दिसतो आणि मंद चालल्याचं कुणाला कळत नाही. उलट परफॉर्मन्स १०४ आला तर खूश होऊ नका. छोट्या बाटलीला मोठीचा वेग लागू राहिलाय किंवा सेन्सर दुहेरी मोजतोय.

आणि रोजची एक वजाबाकी. फिलरची मोजणी, वजा बाद, वजा शेवटी खोक्यात गेलेल्या. उरतात त्या त्या क्षणी कन्व्हेयरवर असलेल्या बाटल्या, आणि त्या प्रत्यक्ष चालत जाऊन मोजता येतात. हा आकडा रोज हळूहळू वाढत असेल तर फुटलेल्या बाटल्या कुणीतरी हाताने उचलतंय आणि त्या बादमध्ये येत नाहीत. उणे होत असेल तर लेबल वाकडं म्हणून बाद झालेल्या बाटल्या नवीन लेबल लावून पुन्हा लाइनवर सोडल्या जातायत. अशा बाटल्या शेवटच्या काउंटरवर 'चांगल्या' म्हणून मोजल्या जातात. क्वालिटीत मात्र पहिल्याच फेरीत चांगल्या निघालेल्या बाटल्याच धरायच्या, म्हणून मी वर चांगल्या ३३,१८० हा आकडा खोक्यांवरून न घेता ३३,६०० मधून ४२० वजा करून काढलाय.