बुधवारच्या व्हिडिओची परीक्षा

यूट्यूबवर रेसिपीचे चॅनल चालवणारे चार जण एकत्र आले की एक वाद हमखास निघतो. एक म्हणतो, जितके जास्त व्हिडिओ टाकाल तितके चॅनल पळते. दुसरा म्हणतो, छे, जास्त टाकले की प्रत्येक व्हिडिओचे व्ह्यूज पडतात, कारण बघणारी माणसे तीच आणि त्यांचा वेळही तेवढाच. दोघांकडे स्वतःच्या चॅनलचे आकडे असतात आणि ते खरेही असतात. तरीही त्या आकड्यांवरून दोघांपैकी कोणाचेच म्हणणे सिद्ध होत नाही.

आकडे कसे काढले जातात ते पाहू. यूट्यूब स्टुडिओतून गेल्या दोन वर्षांचा तक्ता उतरवायचा, कोणत्या महिन्यात किती व्हिडिओ टाकले ते मोजायचे आणि त्या महिन्यातल्या व्हिडिओंना सरासरी किती व्ह्यूज मिळाले ते शेजारी मांडायचे. समजा दहा-बारा व्हिडिओंच्या महिन्यांत सरासरी जास्त दिसली. मग 'जास्त टाकल्याने फायदा झाला' असे म्हणायचा मोह होतो. पण जास्त व्हिडिओ टाकलेले महिने कोणते होते? बहुधा श्रावण ते दिवाळीचे. मोदक, नारळीभात, चकली, अनारसे यांचा शोध त्याच दिवसांत सर्वाधिक होतो आणि चॅनलवालेही त्याच दिवसांत जोर लावतात. सण दोन्ही आकडे एकदम वर नेतो आणि तक्त्यात मात्र एकामुळे दुसरा वाढल्यासारखे दिसते.

याहून फसवे प्रकरण उलट्या दिशेचे असते. एखादा व्हिडिओ अचानक चालतो, सबस्क्रायबर वाढतात, हुरूप येतो, आणि पुढच्या महिन्यात चॅनलवाला दुप्पट व्हिडिओ टाकतो. म्हणजे व्ह्यूज आधी वाढले आणि व्हिडिओंची संख्या त्यामागून आली. महिन्याच्या बेरजेत हा क्रम पुसला जातो. याचा आरसा म्हणजे मंदीत घेतलेला निर्णय. दोन-तीन व्हिडिओ सपाटून पडले म्हणून कोणी रोज टाकायला लागतो आणि महिन्याभरात आकडे सावरतात. ते बहुतेक वेळा तसेही सावरले असते, कारण फार वाईट काळानंतर येणारा काळ साधारण नेहमीसारखाच असतो. श्रेय मात्र 'रोज टाकण्या'ला जाते. मोठी चॅनले रोज टाकतात या दाखल्यातही हीच गफलत आहे. त्यांच्याकडे माणसे आहेत म्हणून त्यांना रोज टाकणे परवडते.

मग करायचे काय? ज्याचा परिणाम तपासायचा ती गोष्ट आपल्या मनाच्या, सणाच्या आणि हुरुपाच्या हातातून काढून नाण्याच्या हातात द्यायची. ही युक्ती शेतीतून आली. इंग्लंडमधल्या रोथमस्टेड केंद्रात १९१९पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांच्यापुढे पेच होता की नवे खत घातलेल्या वाफ्यात पीक जास्त आले तर ते खतामुळे की मुळातच चांगल्या मातीमुळे. त्यांनी शेताचे सारख्या मातीचे गट पाडले आणि प्रत्येक गटात कोणत्या वाफ्याला खत मिळणार ते चिठ्ठ्यांवर सोडले. आपल्याकडे कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या पानसे आणि सुखात्मे यांच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकात हीच पद्धत शिकवलेली आहे.

व्हिडिओच्या बाबतीत वाफे पाडायचे कशाचे? यूट्यूबवर थंबनेलची चाचणी घेता येते, कारण तिथे प्रेक्षक वाटता येतात: काहींना एक चित्र, काहींना दुसरे. 'आठवड्याला तीन व्हिडिओ' हा अनुभव मात्र अर्ध्या प्रेक्षकांना देऊन अर्ध्यांपासून लपवणे चॅनलवाल्याच्या हातात नाही. म्हणून वाफे पाडायचे ते काळाचे.

एक काल्पनिक चॅनल घेऊ. घरगुती रेसिपींचे, नेहमीचा प्रेक्षक असलेले, आठवड्याला साधारण दोन व्हिडिओ तयार करणारे. प्रश्न नेमका असा ठेवू: आठवड्याला एकऐवजी तीन व्हिडिओ टाकले, तर एका व्हिडिओला मिळणारे व्ह्यूज बदलतात का? तीन-तीन आठवड्यांचे टप्पे करायचे आणि लागोपाठच्या दोन टप्प्यांची एक जोडी. जोडीतल्या एका टप्प्यात आठवड्याला एक व्हिडिओ, फक्त बुधवारी. दुसऱ्यात तीन: सोमवार, बुधवार, शुक्रवार. आधी कोणता टप्पा, ते नाणे ठरवणार. अशा सहा जोड्या, म्हणजे छत्तीस आठवडे. जोडीतले टप्पे एकमेकांना चिकटून असल्याने चॅनलची सावकाश होणारी वाढ आणि ऋतू दोघांनाही जवळजवळ सारखेच लागतात. उरलेला फरक नाणे कधी इकडे तर कधी तिकडे टाकते.

एका जोडीला एकूण बारा व्हिडिओ लागतात, तीन एका टप्प्याचे आणि नऊ दुसऱ्याचे. ते सगळे जोडी सुरू होण्याआधी तयार ठेवायचे, कोणता कोणत्या दिवशी जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे आणि मगच नाणे उडवायचे. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नाणे उडवले, तर तीनच्या टप्प्यासाठी घाईघाईत केलेले किरकोळ व्हिडिओ जमा होतील आणि व्ह्यूज पडले तर ते संख्येमुळे की घाईमुळे, हे कळणार नाही. सहा आठवड्यांत बारा, म्हणजे कामाचा वेग नेहमीचाच राहतो, बदलते ते फक्त सोडण्याचे वेळापत्रक. मोदक किंवा फराळासारखे तारखेला बांधलेले व्हिडिओ या चिठ्ठ्यांत घालता येत नाहीत. ते परीक्षेच्या काळात सोडायचेही नाहीत, कारण एक जास्तीचा व्हिडिओ आला की 'एकचा टप्पा' एकचा राहत नाही. तेव्हा गणपती-दिवाळी मधे येणार नाही असे छत्तीस आठवडे पाहणे उत्तम.

मोजायचे काय, यात खरी मेख आहे. सगळ्या व्हिडिओंची सरासरी काढली तर एका बाजूला फक्त बुधवार आणि दुसऱ्या बाजूला तीन वार येतात, आणि वारानुसारही प्रेक्षक बदलतो. म्हणून बुधवारचा व्हिडिओ तेवढा बुधवारच्या व्हिडिओशी ताडायचा. टप्प्यातला पहिला आठवडा सोडून द्यायचा, कारण त्यात मागच्या वेळापत्रकाचा परिणाम रेंगाळत असतो. उरलेल्या दोन बुधवारांची सरासरी घ्यायची. व्हिडिओ बुधवारी रात्री आठला गेला की रविवारी रात्री आठला, बरोबर ९६ तासांनी, व्ह्यूज वहीत लिहायचे. जुन्या व्हिडिओला व्ह्यूज गोळा करायला जास्त दिवस मिळतात, ही अडचण त्याने मिटते. शिवाय शुक्रवारचा व्हिडिओ त्या ९६ तासांच्या मध्येच येतो, तो बुधवारचे प्रेक्षक ओढतो का, हेच तर पाहायचे आहे. आणि सोमवारी टप्पा बदलला तरी मोजणी त्याआधी संपलेली असते.

समजा सहा जोड्यांचे आकडे असे आले. एकच्या टप्प्यात बुधवारच्या व्हिडिओला अनुक्रमे ५२००, ४६००, ६१००, ४९००, ५५०० आणि ५००० व्ह्यूज. तीनच्या टप्प्यात ४७००, ४३००, ५०००, ५१००, ४८०० आणि ४५००. पाच जोड्यांत घट झाली, चौथीत २००ची वाढ. सरासरी घट जवळपास ४८० व्ह्यूजची, म्हणजे सुमारे ९ टक्के.

ही घट निव्वळ योगायोगाने आली असेल का? नाणे उडवले असल्यामुळे याचे उत्तर कागदावर मिळते, कोणतेही सूत्र लागत नाही. वेळापत्रकाचा काहीच परिणाम होत नसता, तर प्रत्येक जोडीतले दोन आकडे जसेच्या तसे आले असते, फक्त नाण्याने कोणावर 'एक' आणि कोणावर 'तीन' ही चिठ्ठी चिकटवली तेवढे बदलले असते. सहा नाणी ६४ तऱ्हांनी पडू शकतात. या ६४पैकी किती तऱ्हांत एकूण घट आपल्याइतकी किंवा त्याहून मोठी दिसली असती? दोनच: आपली स्वतःची आणि सहाही जोड्यांत घट दाखवणारी. तेवढीच मोठी वाढ दिसली असती तरी आपण चकित झालो असतो, म्हणून त्या दोनही धरायच्या. ६४पैकी ४, म्हणजे साधारण ६ टक्के. पुरावा बरा आहे, भक्कम नाही. तिसऱ्या जोडीनंतरच थांबलो असतो तर? तिन्हींत घट होती, कौल लागल्यासारखा दिसला असता. पण तीन नाणी फक्त आठ तऱ्हांनी पडतात आणि तिन्ही जोड्या एकाच बाजूला झुकण्याची शक्यता आठात दोन आहे. म्हणून किती जोड्या करणार ते आधी लिहून ठेवायचे आणि मधे डोकावून थांबायचे नाही.

वर दिलेले आकडे बरेच समजूतदार आहेत, हेही सांगायला हवे. पुष्कळ चॅनलांवर एक व्हिडिओ दोन हजारांवर अडतो आणि पुढचा दोन लाखांवर जातो. असा एक व्हिडिओ एका टप्प्यात आला की सरासरीला काही अर्थ उरत नाही. तिथे किती फरक पडला हे सोडून प्रत्येक जोडीत कोण जिंकले एवढेच मोजणे शहाणपणाचे, आणि तेही आधीच ठरवलेले असावे. आपल्या चॅनलची खळबळ किती आहे हे कळायला एक स्वस्त उपाय आहे. वेळापत्रक बदलले नव्हते अशा जुन्या काळातले बुधवार घ्यायचे, त्यांच्या तशाच जोड्या पाडायच्या आणि खोटेच नाणे उडवून फरक काढायचा. काहीच बदल नसताना जर १५-२० टक्क्यांचे फरक सहज दिसत असतील, तर सहा जोड्यांत ९ टक्क्यांची घट पकडता येणार नाही. अशा वेळी परीक्षा लांबवावी किंवा सरळ सोडून द्यावी. मोजमापाची व्याख्याही मधेच बदलू शकते. यूट्यूबने ३१ मार्च २०२५पासून शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजण्याची रीत बदलली आणि शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरायला सुरुवात केली. त्या तारखेच्या अलीकडचे-पलीकडचे शॉर्ट्सचे आकडे थेट ताडणाऱ्याला वाढ दिसणारच. म्हणून शॉर्ट्स आणि लांब व्हिडिओ एका परीक्षेत मिसळू नयेत.

आता त्या ९ टक्क्यांचे करायचे काय? एका व्हिडिओमागे घट झाली, पण व्हिडिओ तिप्पट गेले. सोमवार-शुक्रवारचे व्हिडिओ बुधवारइतकेच चालले असे धरले, तरी आठवड्याचे एकूण व्ह्यूज सुमारे पावणेतीन पट होतात. त्यामुळे 'जास्त टाकले की व्हिडिओ कमी चालतो' हे खरे असूनही 'म्हणून कमी टाकावे' हे त्यातून निघत नाही. प्रायोजक एकेका व्हिडिओचे पैसे देत असेल तर घट बोचेल. जाहिरातींवर चालणाऱ्या चॅनलला बहुधा ती चालेल.

दोन गोष्टी मात्र या परीक्षेच्या बाहेर राहतात. वर्षभर आठवड्याला तीन व्हिडिओ पाहून प्रेक्षकाला सवय लागते की कंटाळा येतो, हे तीन आठवड्यांच्या टप्प्यात दिसत नाही. आणि आपण व्हिडिओ आधी तयार ठेवून थकव्याला मुद्दाम दाराबाहेर ठेवले आहे. खऱ्या आयुष्यात आठवड्याला तीन टाकणारा माणूस तीन तयारही करतो: बाजारहाट, शूटिंग, एडिटिंग, सगळे तिप्पट. त्या सगळ्यासकट परिणाम हवा असेल तर नाणे चित्रीकरणाच्या आधी उडवावे लागेल आणि तीनच्या टप्प्यातले व्हिडिओ त्याच टप्प्याच्या घाईत बनवावे लागतील. ती वेगळी परीक्षा आहे आणि तिचे उत्तर ९ टक्क्यांहून वाईट येऊ शकते.