एकच भाडं, दोन खतावण्या

१९९३ साली डाइमलर-बेंझ या जर्मन मोटार कंपनीने आपला सहामाही हिशेब दोन पद्धतींनी मांडला आणि जर्मनीतले भलेभले चक्रावले. जर्मन कायद्याप्रमाणे त्या सहा महिन्यांत कंपनीला १६.८ कोटी मार्कांचा नफा झाला होता. अमेरिकी नियमांप्रमाणे त्याच सहा महिन्यांत ९४.९ कोटी मार्कांचा तोटा झाला होता. गाड्या तेवढ्याच विकल्या गेल्या होत्या, पगार तेवढेच वाटले गेले होते आणि बँकेतली शिल्लकही एकच होती. कंपनीला न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरायचं होतं. तोवर एकही जर्मन कंपनी तिथे गेली नव्हती, आणि अमेरिकी नियमांचे आकडे दिल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. वर्षअखेरीस अंतर आणखी वाढलं. एचजीबी या जर्मन व्यापारी कायद्याने ६१.५ कोटी मार्कांचा नफा, अमेरिकी पद्धतीने १८३.९ कोटींचा तोटा.

यात कोणी चोरी केली नव्हती. एचजीबीचा ओढा सावकाराकडे असतो. चांगल्या वर्षात भविष्यातल्या खर्चासाठी सढळ हाताने तरतुदी करा, नफा कमी दाखवा, म्हणजे भागधारक पैसा वाटून घेणार नाहीत आणि सावकाराचं देणं सुरक्षित राहील, हा त्याचा विचार. वाईट वर्ष आलं की त्याच तरतुदी मोडायच्या, आणि मोडलेली रक्कम नफ्यात मिळते. अमेरिकी नियम गुंतवणूकदाराच्या बाजूने बघतात. अशा सढळ तरतुदी त्यांना मुळातच मान्य नसल्याने त्या मोडून आलेला नफाही मान्य नसतो.

आपल्याकडे ‘दोन वह्या’ म्हटलं की आयकरवाल्यांची धाड आठवते. इथल्या दोन वह्या मात्र उजळ माथ्याने ठेवल्या जातात आणि दोन्ही ऑडिटरसमोर मांडल्या जातात. २००५ पासून युरोपीय संघाने शेअर बाजारातल्या कंपन्यांना समूहाचा एकत्रित हिशेब आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार देणं बंधनकारक केलं. जर्मनीत लाभांश आणि कर यांचा आधार मात्र एचजीबीचा स्वतंत्र हिशेबच राहिला. म्हणजे डाइमलरने शेअर बाजारासाठी जे केलं, ते आता शेकडो कंपन्यांना दरवर्षी करायचं होतं.

हे काम ज्या सॉफ्टवेअरवर येऊन पडलं ते सॅपही जर्मनीचंच. १९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी ती कंपनी काढली. हासो प्लाटनर आणि डीटमार हॉप ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात, पण हिशेबाची बाजू ज्याला खरी कळत होती तो क्लाउस वेलनरॉयटर १९८०मध्येच कंपनीतून बाहेर पडला आणि विस्मरणात गेला. आज जगभरच्या कारखान्यांतले लेखापाल ज्या पडद्यांवर नोंदी करतात, त्यांच्या मुळाशी त्याचं काम आहे. सॅपचा इतिहास सांगताना त्याचं नाव पहिल्या ओळीत यायला हवं.

सुरुवातीला कंपन्यांनी जो उपाय काढला त्याला जर्मन लेखापालांनी लाडाने ‘मिकी माउस मॉडेल’ म्हटलं. मिकीचा गोल चेहरा म्हणजे दोन्ही पद्धतींना सामायिक असलेली खाती: विक्री, पगार, बँक, येणी-देणी. एक कान म्हणजे फक्त एचजीबीची खाती, दुसरा कान फक्त आयएफआरएसची. एचजीबीचा ताळेबंद हवा असेल तर चेहरा अधिक डावा कान, आयएफआरएसचा हवा असेल तर चेहरा अधिक उजवा कान. कल्पना सुंदर आहे, आणि एकाच खतावणीत चालते. पण घसाऱ्याची तीन-तीन खाती होतात, तरतुदींची तीन-तीन, मागील शिल्लक नफ्याचीही वेगळी. नोंद करणाऱ्याने एक खातं चुकीचं निवडलं की रक्कम भलत्याच कानात जाते. अमेरिकेचा तिसरा हिशेब मागितला गेला की तिसरा कान जोडावा लागतो.

२००४ सालच्या आवृत्तीत सॅपने दुसरा मार्ग दिला: समांतर खतावण्या. खाती तीच ठेवायची, पण प्रत्येक नोंदीवर ती कोणत्या खतावणीची आहे याचा शिक्का मारायचा. मुख्य खतावणीचं नाव `0L`. बाकीच्या कंपनी आपल्या सोयीने नेमते, उदाहरणार्थ `2L`. रोजची नोंद `FB50` या पडद्यावरून केली की ती आपोआप सगळ्या खतावण्यांत जाते. एकाच खतावणीत नोंद हवी असेल तर पडदा वेगळा, `FB50L`. त्यात ‘लेजर ग्रुप’ नावाचा एक रकाना जास्तीचा असतो. पुढची सगळी गंमत आणि सगळी जोखीम त्या एका रकान्यात आहे.

आता गोष्ट चाकणला आणू. समजा, एका जर्मन समूहाची तिथे एक उपकंपनी आहे. ती शेअर बाजारात नाही आणि तिचं नक्त मूल्य २५० कोटी रुपयांच्या खाली आहे, त्यामुळे ती भारतात जुनी लेखामानकं वापरते. जर्मनीतल्या मुख्यालयाला मात्र आयएफआरएसचे आकडे हवेत. म्हणून `0L` आयएफआरएससाठी आणि `2L` भारतीय हिशेबासाठी. कंपनीने एक गोदाम पाच वर्षांच्या करारावर घेतलं, वर्षाला १२ लाख भाडं. हिशेब सोपा राहावा म्हणून भाडं वर्षअखेरीला देतात असं धरू आणि जीएसटी बाजूला ठेवू.

भारतीय जुन्या मानकानुसार हे साधं भाडं आहे. दरवर्षी १२ लाखांचा खर्च, विषय संपला. २०१९ पासून लागू झालेलं आयएफआरएस १६ असं मानत नाही. त्याच्या दृष्टीने कंपनीने पाच वर्षांचा वापराचा हक्क उधारीवर विकत घेतला आहे. १० टक्के व्याजदर धरला तर पाच हप्त्यांचं आजचं मूल्य ४५.४९ लाख होतं. तेवढी मालमत्ता आणि तेवढंच देणं ताळेबंदात यायला हवं.

म्हणून पहिल्याच दिवशी `FB50L` उघडायचं, लेजर ग्रुपमध्ये `0L` लिहायचं आणि नोंद करायची: गोदामाचा वापर-हक्क नावे ४५.४९ लाख, भाडेपट्ट्याचं देणं जमा ४५.४९ लाख. `2L`ला याची खबरही नसते. वर्षअखेरीस घरमालकाचं बिल येतं. ते नेहमीसारखं सगळ्या खतावण्यांत जातं: भाडं नावे १२ लाख, घरमालक जमा १२ लाख. मग पुन्हा फक्त `0L`मध्ये दुरुस्ती. व्याज नावे ४.५५ लाख, भाडेपट्ट्याचं देणं नावे ७.४५ लाख, आणि समोर भाडं जमा १२ लाख. सोबत घसारा ९.१० लाख. `0L`मधलं भाडं शून्यावर येतं, त्याच्या जागी व्याज आणि घसारा मिळून १३.६५ लाखांचा खर्च दिसतो. पहिल्या वर्षी जर्मनीत कळवलेला करपूर्व नफा भारतातल्या करपूर्व नफ्यापेक्षा १.६५ लाखांनी कमी.

यात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. दुरुस्तीच्या नोंदीत घरमालकाचं खातं कुठेच नाही. ते घालायचा प्रयत्न केला तर सॅप नोंद स्वीकारत नाही. पुरवठादार आणि ग्राहक यांची नियंत्रण खाती एका खतावणीपुरती हलवता येत नाहीत. हे बंधन अगदी योग्य आहे. घरमालकाला १२ लाख द्यायचे आहेत ही घडलेली गोष्ट आहे, ती कोणत्याही मानकाने बदलत नाही. ते भाडं आहे की कर्जाचा हप्ता, हा मात्र मानकाच्या नजरेचा प्रश्न आहे. घडलेलं सगळ्या खतावण्यांत, नजरेतला फरक एकाच खतावणीत: समांतर खतावण्यांची सगळी रचना या एका भेदावर उभी आहे.

चुका होतात त्या बहुधा त्याच रकान्यात. `0L` लिहायचं राहिलं की नोंद दोन्हीकडे जाते, आणि भारतीय ताळेबंदात ४५.४९ लाखांची मालमत्ता उगवते, जी जुन्या मानकात असूच शकत नाही. सॅप तक्रार करत नाही, कारण जमा-नावे जुळलेलं असतं. दुसरी चूक उलट नोंदीची. मूळ दस्तऐवज सॅपच्या उलटनोंदीतून रद्द केला तर खतावणी आपोआप तीच राहते. पण कोणी घाईत `FB50`वरून हाताने उलट नोंद टाकली की ती दोन्हीकडे जाते. `0L`मध्ये सगळं बरोबर होतं, आणि `2L`मध्ये कधी न झालेल्या नोंदीची उलट नोंद उरते.

तिसरी अडचण वर्षाची. जर्मन समूहाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, भारताचं एप्रिल ते मार्च. प्रत्येक खतावणीला स्वतःचं आर्थिक वर्ष देता येतं. १५ फेब्रुवारी २०२५ची एकच नोंद `0L`मध्ये २०२५चा दुसरा कालखंड ठरते आणि `2L`मध्ये २०२४चा अकरावा. त्यामुळे वर्षाच्या शिलका पुढे ओढण्याचं कामही प्रत्येक खतावणीसाठी वेगळं करावं लागतं. एका खतावणीचं केलं आणि दुसरीचं राहिलं तर तिच्या नव्या वर्षाचा ताळेबंद रिकामा उघडतो.

सॅपच्या नव्या एस/४हाना आवृत्तीत सगळ्या नोंदी `ACDOCA` या एकाच तक्त्यात बसतात आणि प्रत्येक ओळीवर खतावणीचं नाव असतं. त्यात विस्तार-खतावणी नावाचा प्रकारही आहे: ती फक्त फरकाच्या नोंदी साठवते आणि अहवाल काढताना मूळ खतावणीत मिसळते. काम खरंच हलकं झालं आहे. पण विक्रेत्यांच्या सादरीकरणात ‘आता ताळमेळाची गरज उरली नाही’ असं वाक्य दिसतं, ते मान्य करण्यासारखं नाही. तक्ता एक झाल्याने ओळी शोधणं सोपं झालं. चुकून दोन्हीकडे गेलेली नोंद मात्र त्या तक्त्याला बरोबरच वाटते.

म्हणून महिनाअखेरीस दोन्ही खतावण्या खातेनिहाय शेजारी ठेवून फरकाची यादी काढणं हाच खरा पहारा. दोन्ही खतावण्यांचं आर्थिक वर्ष एकच धरलं तर या उदाहरणात फरक फक्त वापर-हक्क, त्याचा संचित घसारा, भाडेपट्ट्याचं देणं, भाडं, व्याज आणि घसारा या खात्यांत दिसायला हवा. दुसऱ्या वर्षापासून मागील शिल्लक नफ्यातही तो येईल, आणि आयएफआरएसच्या बाजूला पहिल्या वर्षापासूनच स्थगित कराचंही एक खातं त्यात भर घालेल. बँक, पुरवठादार, ग्राहक किंवा जीएसटी यांत एक रुपयाचाही फरक दिसला तर कुठेतरी काहीतरी चुकलंय हे नक्की. एकाच खतावणीतल्या नोंदींसाठी वेगळा दस्तऐवज प्रकार आणि वेगळी क्रमांकमाला ठेवली तर ही यादी चटकन निघते.

भाडेपट्ट्याच्या बाबतीत तर शेवटी आणखी एक कसोटी हाताशी असते. पाचव्या वर्षी व्याज १.०९ लाखांवर उतरतं आणि `0L`मधला खर्च १०.१९ लाख होतो, म्हणजे भाड्यापेक्षा कमी. पाच वर्षांची बेरीज दोन्ही खतावण्यांत बरोबर ६० लाख येते आणि या गोदामाचा दोन्ही नफ्यांतला फरक शून्य होतो. तो शून्य झाला नाही, तर मधल्या पाच वर्षांतली एखादी नोंद चुकीच्या खतावणीत बसलेली आहे आणि ती शोधावीच लागेल.